नुसत्या ‘?’ ला काय उत्तर द्यायचं

मे महिना संपत आला की आमच्या बॉटकडे प्रश्नचिन्हांची रीघ लागते. शब्द नाही, वाक्य नाही, नुसतं ‘?’. कुणी तीन-चार चिन्हं एका ओळीत पाठवतं, कुणी लाल चेहऱ्याची रागीट इमोजी, तर कुणी एकच अक्षर, ‘क’. याचं कारण बँकेच्या बाजूने बघितलं की लगेच सापडतं. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा 436 रुपयांचा आणि सुरक्षा विमा योजनेचा 20 रुपयांचा वार्षिक हप्ता मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. फॉर्मवर सही करून वर्ष उलटलेलं असतं. ‘रु. 436 नावे टाकले’ असा निरोप फोनवर येतो आणि माणूस दचकतो.

मी एका बँकेच्या बॉटसाठी मराठी उत्तरं लिहिते आणि बॉटला न कळलेले संवाद तपासते. नोकरी पुण्याच्या कंपनीची, काम घरून, आणि घर मंद्रूपला, सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माझ्या पडद्यावर ग्राहकाचं नाव किंवा नंबर येत नाही. निरोपाची वेळ, त्याचा प्रकार, मजकूर आणि त्याच्या आधी बँकेने काय पाठवलं होतं, एवढंच दिसतं. मी आले तेव्हा रिकाम्या, एका अक्षराच्या आणि इमोजीच्या निरोपांना एकच खातं होतं, ‘निरर्थक’. त्या सगळ्यांना एकच उत्तर जायचं: ‘क्षमस्व, मला समजले नाही. कृपया योग्य पर्याय निवडा.’ माणसाने पुन्हा ‘?’ पाठवलं की पुन्हा तेच.

हे निरोप निरर्थक नाहीत, हे मला इथे राहून कळलं. माझा चुलतभाऊ गावात बँकमित्र आहे. छोटी खोली, एक लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र आणि पैसे मोजायचा गल्ला. दुपारी जेवणानंतर मी कधीकधी तिथे जाऊन बसते. ज्यांचे निरोप मी सकाळी पडद्यावर नुसती अक्षरं म्हणून वाचते, तसलीच माणसं तिथे फोन घेऊन येतात. एक आज्जी आल्या होत्या, फोन नातवाने घेऊन दिलेला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बँकेला ‘हाय’ पाठवलं की शिल्लक कळते. स्टेट बँकेने 2022 मध्ये व्हॉट्सॲपची सेवा सुरू केली, तीही ‘Hi’ पाठवूनच उघडते. तेव्हापासून हा मंत्र सगळ्या बँकांच्या ग्राहकांत पसरला आहे. आज्जींनी कीबोर्डवर ‘H’ शोधला. तो सापडेपर्यंत इतका वेळ गेला होता की त्यांनी तेवढाच पाठवून दिला. “त्येला कळतंय की बाळ, बँकेत शिकलेली मानसं असत्यात,” त्या म्हणाल्या.

दुसरे एक आप्पा. ज्वारी-तूर करणारे, लिहायचा सराव गेलेला. व्हॉट्सॲपवर काहीच टाईप केलं नसेल तर पाठवायच्या बाणाच्या जागी माईकचं चित्र असतं. आप्पा तेच दाबत होते, कारण तिथे दाबलं की निरोप जातो एवढं त्यांना ठाऊक होतं. बोट जरा दाबून धरलं गेलं आणि एका सेकंदाचा आवाज बँकेला गेला. त्यात नुसता पंख्याचा घुंऽऽ आणि बाहेरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा धडधडाट. नुसती स्पेस व्हॉट्सॲपवर जात नाही, त्यामुळे तिथला ‘कोरा निरोप’ बहुतेक वेळा असा असतो. खरोखरची कोरी जागा येते ती बँकेच्या स्वतःच्या ॲपमधल्या चॅटमधून किंवा एसएमएसमधून.

तर पहिलं काम म्हणजे आलेली वस्तू नेमकी काय आहे ते ओळखणं. बॉटकडे निरोप येतो तेव्हा त्याच्यासोबत प्रकारही येतो: `text`, `audio`, `sticker`, `reaction`, आणि जो प्रकार वाचताच येत नाही त्याला `unsupported`. जुन्या मांडणीत मजकूर नसला की सगळं रिकामं समजलं जायचं. मग पाऊण मिनिट बोलून सांगितलेली तक्रारही आणि आप्पांचा एका सेकंदाचा पंखाही सारखाच. आता आवाज आला तर बॉट खरं ते सांगतो: ‘तुमचा आवाजी निरोप पोहोचला, पण मला आवाज ऐकता येत नाही.’ आणि खाली बटणं देतो. ‘समजले नाही’ असं ऐकल्यावर माणूस तेच पुन्हा जोरात बोलतो, हे मी समोर बसून पाहिलं आहे. ऐकताच येत नाही म्हटलं की तो बटणांकडे बघतो.

मजकुराच्या आतही न दिसणारी अक्षरं असतात. एखादा फॉरवर्ड कॉपी-पेस्ट करताना U+200B हे शून्य रुंदीचं चिन्ह सोबत येतं. डोळ्यांना ओळ कोरी दिसते, पण संगणकाच्या हिशेबात तिथे एक अक्षर आहे. मागचा-पुढचा मोकळा भाग छाटणारी नेहमीची आज्ञा याला हात लावत नाही, कारण तिच्या लेखी ही स्पेसच नाही. मग मनात येतं की न दिसणारं सगळंच पुसून टाकावं. मराठीत तसं केलं तर घात होतो. U+200D हे तसंच एक अदृश्य चिन्ह आहे, आणि काही कीबोर्ड ‘दर्‍या’मधला अर्धा र त्याच्याच मदतीने लिहितात. ते पुसलं की डोंगरातल्या दर्‍यांचा दर्या होतो. म्हणून आम्ही मूळ निरोप कधीच बदलत नाही. त्याची एक प्रत घ्यायची, तिच्यातून अदृश्य चिन्हं काढायची, आणि काही उरतं का एवढंच बघायचं. काही उरलं तर पुढे मूळ निरोपच जातो.

लांबीवरून निकाल लावण्याची सवयही इथे मोडावी लागली. तीनपेक्षा कमी चिन्हं म्हणजे कचरा, हा नियम इंग्रजी बॉटांतून आला होता. पण ‘हो’ बघा. माणसाच्या डोळ्यांना ते एक अक्षर, संगणकाला दोन चिन्हं (ह आणि त्याचा ओकार), आणि अर्थाने ते पूर्ण उत्तर. ‘ना’, ‘जी’, ‘हं’, ‘का’, ‘दे’ ही सगळी त्याच माळेतली. उलट सावळ्या रंगाचा अंगठा 👍🏽 दिसायला एक, पण आत दोन चिन्हं: अंगठा आणि त्वचेचा रंग. त्यामुळे ‘एक चिन्ह असेल तर इमोजी’ अशी तपासणी नेमकी याच अंगठ्यावर चुकते. आकड्यांचंही तसंच. मेनूत ‘1 दाबा’ लिहिलं आणि ग्राहकाने मराठी कीबोर्डवरून ‘१’ पाठवलं, तर तुलना करताना ती दोन वेगळी अक्षरं ठरतात. हे दोन्ही आकडे एकच धरायला सांगणारी एक ओळ घातल्यावर ‘न कळलेल्या’ यादीतून निरोपांचा एक मोठा गठ्ठाच निघून गेला.

इथपर्यंतचं काम यंत्राचं. खरा प्रश्न पुढे आहे: ‘क’ चा अर्थ काय? बॉटच्या आत एक वर्गीकरण करणारा भाग असतो. वाक्य दिलं की ते कशाबद्दल आहे याचा तो अंदाज बांधतो. त्याला शिकवलंय वाक्यांवर, त्यामुळे एकट्या ‘क’ वरही तो काहीतरी अंदाज देतोच, आणि तो बहुधा ‘कर्ज’ असतो. मग 436 रुपये कुठे गेले म्हणून घाबरलेल्या माणसाला वैयक्तिक कर्जाची माहिती जाते. म्हणून एकट्या अक्षराला त्या भागाकडे जाऊच द्यायचं नाही, असं मी धरून बसले. आधी बघायचं की बँकेने याच्याशी शेवटचं काय बोलणं केलं होतं. एक अक्षर, एक इमोजी हे बहुतेक वेळा कशाचं तरी उत्तर असतं.

अंगठा घ्या. बॉटने ‘तुमची तक्रार नोंदवली’ म्हटल्यावर आलेला 👍 म्हणजे ‘बरं, कळलं’. त्याला उत्तर देऊच नये. बॉटने ‘चेकबुक याच पत्त्यावर पाठवू का?’ विचारल्यावर आलेला 👍 बहुधा होकार आहे, पण पत्ता पुन्हा दाखवून बटण दाबायला सांगणं बरं. आणि काहीच बोलणं चालू नसताना सकाळी आलेला 👍 किंवा 🙏 म्हणजे नमस्कार. आमच्याकडे देवळापासून दुकानापर्यंत बोलण्याची सुरुवात हात जोडूनच होते. त्याला ‘नमस्कार’ म्हणून मेनू द्यायचा. तेच हात संवादाच्या शेवटी आले तर ते आभार असतात, आणि तिथे पुन्हा मेनू फेकला तर माणूस गोंधळतो.

पैशाच्या बाबतीत मात्र नियम एकच. इमोजीवर किंवा एका अक्षरावर रुपयासुद्धा हलवायचा नाही, ठेव मोडायची नाही, कार्डाची मर्यादा वाढवायची नाही. हे समजावताना मी टीमला कॅनडातला एक निकाल सांगितला होता. 2023 मध्ये सस्कॅचेवान प्रांतातल्या न्यायालयापुढे जवसाच्या सौद्याचा वाद आला. व्यापाऱ्याने कराराचा फोटो पाठवून दुजोरा मागितला, शेतकऱ्याने 👍 पाठवला. शेतकऱ्याचं म्हणणं, मी फक्त ‘करार मिळाला’ असं कळवलं. न्यायाधीशांनी तो होकार धरला आणि 82 हजार कॅनडियन डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. याचं एक मोठं कारण म्हणजे त्या दोघांचा आधीचा व्यवहार. पूर्वीचे सौदेही त्या शेतकऱ्याने अशाच एक-दोन शब्दांच्या उत्तरांनी मान्य केले होते आणि माल पोहोचवला होता. म्हणजे तिथेही अंगठ्याचा अर्थ मागच्या बोलण्यावरून लावला गेला. आमच्या भागातही जवस होतो, आणि आमच्या माणसांचा अंगठा ‘मिळालं’ आणि ‘मान्य’ या दोन्हींसाठी चालतो. बँकेने अशा अंगठ्यावर हक्क सांगू नये, असं मला ठामपणे वाटतं.

आता मेमधल्या त्या ‘?’ कडे येते. समजा दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी 436 रुपये कापल्याचा निरोप गेला आणि 2 वाजून 14 मिनिटांनी ‘?’ आला. बॉट आधी तीन-चार सेकंद थांबतो. बरीच माणसं ‘?’, मग ‘का’, मग 😡 असं तुकड्यातुकड्याने पाठवतात, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं उत्तर गेलं की फोन नुसता वाजत राहतो. मग बॉट मागे बघतो: शेवटचा निरोप पैसे कापल्याचा, चार मिनिटांपूर्वीचा, आणि त्या व्यवहारावर विमा हप्त्याची खूण आहे. तेव्हा उत्तर असं जातं:

‘आज रु. 436 कापल्याचा निरोप तुम्हाला आला, त्याबद्दल विचारताय का? हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे.’

खाली तीन बटणं: ‘समजलं’, ‘विमा बंद करायचाय’, ‘माणसाशी बोलायचंय’. व्हॉट्सॲपवर तीनच बटणं बसतात आणि एका बटणावर फार तर वीस चिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजून मजकूर बसवावा लागतो. या उत्तरात एक गोष्ट मुद्दाम नाही: खात्यातली शिल्लक. फोन नातवाच्या, शेजाऱ्याच्या, दुकानदाराच्या हातात असू शकतो. कापल्याचा निरोप त्या खिडकीत आधीच दिसतोय, त्यामुळे तेवढंच पुन्हा म्हणायला हरकत नाही. अस्पष्ट निरोपाच्या उत्तरात नवीन आकडा उघड करायचा नाही.

आता हाच ‘?’ रात्री साडेनऊला, यूपीआयने 9,500 रुपये गेल्याच्या निरोपानंतर आला तर? इथे व्यवहार कशाचा ते बॉटला ठाऊक नाही. कदाचित मुलाने मोबाईल घेतला असेल, कदाचित कुणीतरी फसवलं असेल. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने दोन गोष्टी घालून दिल्या होत्या, त्या मी माझ्या टेबलासमोर लावून ठेवल्या आहेत. एक, व्यवहाराच्या निरोपालाच उलट उत्तर देऊन ग्राहकाला हरकत कळवता आली पाहिजे, त्यासाठी त्याला वेबसाइट किंवा ईमेल पत्ता शोधत बसायला लागू नये. दोन, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर त्याच्यावर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लावले तर काही भार त्याच्यावर येतो. म्हणजे इथे घड्याळ चालू आहे. अशा वेळी आलेल्या ‘?’ ला, 😭 ला, ‘क’ ला ‘योग्य पर्याय निवडा’ म्हणून परतवणं म्हणजे त्या माणसाचा वेळ खाणं.

नुसत्या ‘?’ वरून तक्रार नोंदवता येत नाही, हेही तितकंच खरं. तो तक्रार करतोय की नाही हे आपण ठरवू शकत नाही. म्हणून बॉट एकच प्रश्न विचारतो: ‘रु. 9,500 गेले, ते तुम्ही पाठवले होते का?’ बटणं अशी: ‘हो, मीच पाठवले’, ‘पैसे मी काढले नाहीत’, ‘माणसाशी बोलायचंय’. दुसरं बटण दाबलं की तक्रार क्रमांक तिथल्या तिथे मिळतो, व्यवहार बंद करण्याचा पर्याय येतो आणि सायबर फसवणुकीचा 1930 हा नंबर येतो. यावरही त्याने फक्त 😭 पाठवला तर बॉट तेच वाक्य पुन्हा म्हणत नाही, संवाद थेट रात्रपाळीच्या माणसाकडे जातो. इतर विषयांत दोन अस्पष्ट निरोपांनंतर शब्द बदलून विचारायचं आणि तिसऱ्याला माणूस द्यायचा. पैसे गेल्याच्या निरोपानंतर मात्र दुसऱ्यालाच.

यासाठी बराच वाद घालावा लागला. लहान मुलं फोनशी खेळताना इमोजी पाठवतात, त्या प्रत्येकासाठी माणूस कुठून आणायचा, असा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. त्यावर निरोपांचा क्रमच उपयोगी पडला. खेळणारं पोर सिंह, केक, फुगा, झेंडा असं काहीही, एकामागून एक, काही सेकंदांत पाठवतं. बॉट तो ओघ थांबेपर्यंत वाट बघतो आणि एकदाच ‘काही मदत हवी असेल तर खालचं बटण दाबा’ म्हणून गप्प बसतो. घाबरलेला माणूस एकच चिन्ह पाठवतो आणि थांबतो, मग दोन-तीन मिनिटांनी तेच पुन्हा. हा थांबा पडद्यावर ओळखू येतो. अर्थात नेहमी नाही. शांतपणे एकच रडका चेहरा पाठवणारं पोरही असतं, आणि त्याच्यासाठी रात्रपाळीचा माणूस एकदा उगाच विचारपूस करतो. तेवढी किंमत मला योग्य वाटते.

निरोपावर बोट दाबून धरून चिकटवलेली इमोजी ही आणखी वेगळी. ती `reaction` म्हणून येते आणि कोणत्या निरोपावर चिकटवली तेही सोबत येतं, त्यामुळे इथे मागचं बोलणं शोधावं लागत नाही. हसरी, हात जोडलेली, अंगठ्याची असेल तर उत्तर द्यायचं नाही. पैसे कापल्याच्या निरोपावर रागाची किंवा रडकी चिकटली तर वरचाच प्रश्न विचारायचा. माणसाने इमोजी काढून टाकली तरी एक निरोप येतो, त्यात इमोजीची जागा रिकामी असते. जुन्या मांडणीत या रिकाम्या जागेलाही ‘समजले नाही’ असं उत्तर जायचं, आणि काहीच न पाठवलेला माणूस बुचकळ्यात पडायचा.

सध्या माझ्यापुढे जो पेच आहे तो आमच्या गावचाच आहे. मंद्रूपच्या पट्ट्यात घरात कानडी आणि बाजारात मराठी, असं चालतं. इमोजीला भाषा नसते, मग उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं? आधीचा संवाद असेल तर त्याची भाषा, नसेल तर खात्यात नोंदवलेली, आणि तीही नसेल तर एक ओळ मराठी, एक ओळ कानडी, असा क्रम लावला आहे. पण ‘h’ अजून सुटत नाही. बॉटने हो की नाही विचारल्यावर आलेला ‘h’ मराठी ‘हो’चा असो की कानडी ‘हौदु’चा, होकारच आहे. कुणी तेव्हाच ‘हाय’ लिहायला सुरुवात करून सोडून दिलं असेल तर तो होकार नाही. ‘b’ तर मराठी ‘बरं’चा धरला तर होकार, कानडी ‘बेड’चा धरला तर नकार. म्हणून कानडी बोलणाऱ्या घरांच्या बाबतीत एकट्या रोमन अक्षरावरून हो-नाही ठरवणं मी बंद करायला लावलं आहे. तिथे दोन्ही भाषांतली बटणं जातात. त्यांचा कानडी मजकूर भावाच्या खोलीत येणाऱ्या बायकांना वाचून दाखवायचा आणि त्या जे शब्द बदलतील ते बदलायचे, हे काम चालू आहे. पुढचा मे यायच्या आत ते पुरं करायचं आहे.